दिवेलागणीचं घर: जुन्या फोटोवरून नूतनीकरणाचं संकल्पचित्र कसं करावं

घराच्या फोटोवर नवा रंग, नवी झाडं आणि लागलेले दिवे दाखवणारी चित्रं मला बऱ्याचदा दुरुस्तीसाठी येतात. चूक जवळजवळ नेहमी एकच असते. करणाऱ्यानं आधी आकाश केशरी केलेलं असतं, मग खिडक्यांत पिवळा रंग भरलेला असतो आणि शेवटी भिंतीला नवा रंग द्यायची वेळ येते तेव्हा तो कुठे द्यायचा तेच उमजत नाही. भिंत आधीच काळी झालेली असते आणि तिच्यावर पिवळे डाग पडलेले असतात.

क्रम उलटा हवा. आधी भर दिवसाचं नवं घर पूर्ण रंगवायचं, झाडांसकट. मग त्यावर संध्याकाळ उतरवायची. दिवे सगळ्यात शेवटी. कारण दिवसाचं हेच चित्र आपण दोनदा वापरणार आहोत: एकदा अंधारवून सांजेसाठी आणि एकदा उबदार करून दिव्याच्या उजेडासाठी. ते कच्चं राहिलं तर दोन्हीकडे कच्चं दिसतं.

खालचं सगळं सांगलीतल्या एका घराच्या उदाहरणानं सांगतो. तळमजला आणि वर एक मजला, समोरची रुंदी साधारण ३० फूट, तोंड पश्चिमेला, भिंतीला विटलेला गुलाबी रंग. जोत्याच्या वर कमरेएवढ्या उंचीवर २०१९ च्या पुराची रेघ अजून दिसत होती. काम क्रिता या चित्र रंगवायच्या सॉफ्टवेअरमध्ये केलं, कारण ते फुकट मिळतं. दुसऱ्या कुठल्याही थरांच्या सॉफ्टवेअरमध्ये पायऱ्या याच राहतात.

## १. फोटो: ऊन नको, कल नको

सूर्य मावळल्यावर घरावर उन्हाची सावली पडत नाही. म्हणून फोटोतही ती नको. दुपारी बाराच्या फोटोत छज्जाची जी काळी धारदार पट्टी भिंतीवर येते, ती नंतर कितीही पुसली तरी चित्रात कुठेतरी उरते आणि बघणाऱ्याला काहीतरी खटकत राहतं.

घर पश्चिमेला तोंड करून असेल तर सकाळी नऊच्या सुमारास फोटो घ्या. सूर्य घराच्या मागे असतो आणि समोरची सगळी भिंत एकसारख्या सावलीत असते. मागचं आकाश पांढरंफटक येईल. येऊ द्या, ते तसंही बदलायचं आहे. पूर्वाभिमुख घराचा फोटो दुपारी चारनंतर. ढगाळ दिवस असेल तर वेळेची फिकीर नको.

रस्त्याच्या पलीकडच्या कडेला जा. फोनची १x लेन्स वापरा, ०.५x नाही; ती कडेचे खांब बाहेर फाकवते. फोन मागे न कलवता सरळ उभा धरा. मग फ्रेममध्ये खाली रस्ताच रस्ता येईल, तो नंतर कापता येतो. दाराची उंची, गेटच्या खांबाची रुंदी आणि छज्जा किती बाहेर आला आहे ही तीन मापं टेपनं घेऊन वहीत लिहून ठेवा. फोनच्या होकायंत्रावर घराचं तोंड कोणत्या दिशेला आहे तेही लिहा. ही शेवटची नोंद जवळजवळ कुणीच करत नाही आणि पाचव्या पायरीवर तीच लागते.

तपासणी: फोटो मोठा करून पॅरापेटच्या कडेखाली आणि बाल्कनीच्या आत बघा. तिथं विटा-प्लास्टरचा तपशील दिसला पाहिजे. निव्वळ काळं असेल तर तिथलं काहीच नंतर उजळता येणार नाही. फोटो पुन्हा घ्या.

## २. सरळ करणं आणि साफ करणं

क्रितात Transform Tool मधला Perspective प्रकार घेऊन घराच्या उभ्या कडा खरोखर उभ्या करा. वरच्या बाजूला घर निमुळतं होत असतं, तिथं कोपरे किंचित बाहेर ओढावे लागतात. वहीतली दाराची उंची इथं कामी येते: ओढताना दार बुटकं किंवा लांबडं झालं का ते लगेच कळतं. कॅनव्हासची रुंदी ३५०० पिक्सेलच्या आसपास ठेवली तर ए-थ्री कागदावर छपाई नीट येते.

मग पुसापुशी. लोंबणाऱ्या केबल, डिश अँटेना, वाळत घातलेले कपडे, स्कूटर हे सगळं काढा. छोट्या जागा Smart Patch Tool नं जातात, मोठ्या जागा क्लोन ब्रशनं हातानं भरा.

पण काय पुसायचं नाही हेही ठरलेलं असावं. समोरचा विजेचा खांब, शेजाऱ्याची भिंत, गच्चीवरची पाण्याची टाकी. खांब चित्रात पुसला म्हणून जागेवरून हलत नाही आणि टाकी झाकायची असेल तर त्यासाठी जाळी किंवा भिंत बांधण्याचा खर्च धरावा लागतो. तो खर्च धरला असेल तरच झाकलेली दाखवा.

इशारा: ओल, पोपडे आणि शेवाळ चित्रात पुसावं लागतं, नाहीतर नव्या रंगाखालून ते डोकावतं. मात्र पुसलेल्या प्रत्येक डागाची वेगळी यादी करा आणि चित्रासोबत द्या. सांगलीच्या घरात पुराची रेघ मी दोन मिनिटांत घालवली. प्रत्यक्षात ते प्लास्टर तोडून नवं करावं लागणार होतं. चित्र बघून मालकाला वाटतं की रंगानंच ती जाईल.

## ३. दिवसाचं घर: आधी पांढरं, मग रंगीत

फिक्या गुलाबी भिंतीवर थेट राखाडी रंग Multiply नं, म्हणजे खालच्या रंगात मिसळून तो गडद करणाऱ्या थरानं, टाकला की खालचा गुलाबी त्यात मिसळतो आणि भिंत मळकट जांभळी होते. रंगारी प्रत्यक्ष भिंतीवर आधी प्रायमर मारतो. इथंही तेच करायचं.

भिंतीचा भाग निवडून वेगळ्या थरावर घ्या. निवड करताना खिडक्यांची चौकट, ग्रिल, पाईप हे बाहेर ठेवा. इथं घाई केली तर पुढं प्रत्येक पायरीला ती चूक परत दिसते. या थरावर Desaturate करून गुलाबीपणा काढा, मग Levels नं उजळवा, इतका की भिंत जवळजवळ पांढरी पण प्लास्टरचा खरखरीतपणा अजून दिसतोय. हा झाला तुमचा प्रायमर. आता त्याच्यावर नवा थर, प्रकार Multiply, Inherit Alpha चालू, आणि त्यात हवा तो रंग ओता. दोन्ही थर एका गटात ठेवले तरच Inherit Alpha नीट चालतं, नाहीतर रंग सगळ्या चित्रावर सांडतो.

आमच्या घराला तीन रंग घेतले: भिंतीला साय-पांढरा, पॅरापेटच्या पट्ट्याला विटकरी आणि जोत्याला गडद करडा. प्रत्येकाचा थर वेगळा. तीनपेक्षा जास्त रंग सुचवायचा मोह होतो. एवढ्याशा दर्शनी भागाला चौथा रंग बहुतेक वेळा गोंधळच करतो असं माझं मत आहे.

तपासणी: सगळे रंगाचे थर क्षणभर बंद करा. खाली एकसारखी पांढुरकी भिंत दिसली पाहिजे. कुठं गुलाबी छटा किंवा डाग उरला असेल तर आत्ताच काढा.

## ४. झाडं: दुसऱ्या वर्षाच्या मापानं

झाडं संध्याकाळ करून झाल्यावर वरून चिकटवली की ती दिवसाच्या उजेडातली दिसतात. म्हणून ती आत्ताच, दिवसाच्या चित्रात लावायची.

मापाची पट्टी म्हणजे दार. दार ७ फुटांचं असेल तर गेटजवळच्या तगरीचं झुडूप दाराच्या निम्म्यापर्यंत आलं पाहिजे, त्याहून वर नाही. चित्रात दहा वर्षांचा सोनचाफा दाखवायचा आणि प्रत्यक्षात रोपवाटिकेतून चार फुटांचं रोप आणायचं, यानं मालक नाराज होतो. लावल्यापासून दोन वर्षांनी झाड जेवढं होईल तेवढंच काढा.

जात निवडताना वहीतली दिशा बघा. पश्चिमेच्या भिंतीवर दुपारभर ऊन असतं, तिथं बोगनवेल खूश असते; उत्तरेच्या सावलीतल्या भिंतीवर तीच बोगनवेल नुसती पानं काढत राहते आणि तुमचं चित्र खोटं पडतं. सावलीत फर्न, मनीप्लांट चालतात. पांढरा चाफा अंगणात देखणा दिसतो, पण थंडी-उन्हाळ्यात त्याची पानं गळतात, हे मालकाला आधी सांगा. आमच्या घराला बाल्कनीच्या कोपऱ्यावर बोगनवेल, गेटच्या आत तगर आणि पायऱ्यांशेजारी कर्दळीचा वाफा दिला.

रंगवताना पान-पान काढू नका. आधी झाडाचा पूर्ण आकार एका गडद हिरव्यानं भरा, मग आकाशाकडची बाजू थोडी उजळा, आणि पानं फक्त कडेला सुटी दाखवा. पानांचा शिक्का असलेला ब्रश सगळीकडे एकाच कोनात उमटवला तर झाड भिंतीवर छापल्यासारखं दिसतं.

तपासणी: M दाबून चित्र आरशासारखं उलटं करा. झाड कलंडलेलं वाटलं किंवा घराचा एक कोपरा खाली बसल्यासारखा वाटला तर तो दोष मघाशीही होता, डोळ्यांना सवय झाली होती एवढंच. इथं दिवसाचं चित्र पूर्ण झालं. त्याची एक प्रत वेगळ्या नावानं जतन करा.

## ५. संध्याकाळ: सूर्य नेमका कुठे मावळतो?

सांगलीच्या या घराच्या पहिल्या खेपेला मी स्वतःच माती खाल्ली होती. घरामागे झकास केशरी आकाश रंगवलं. सगळ्यांना आवडलं. घरातल्या आजींनी मात्र चष्मा लावून बघितलं आणि म्हणाल्या, "अरे, सूर्य आमच्या दारात मावळतो. घराच्या मागं कधीपासून मावळायला लागला?"

आजींचं बरोबर होतं. पश्चिमाभिमुख घराकडे बघताना आपलं तोंड पूर्वेला असतं. सूर्यास्तानंतर पूर्वेला केशरी आकाश नसतं. क्षितिजालगत करडा-निळा पट्टा, त्याच्या वर फिकट गुलाबी आणि आणखी वर निळा असा क्रम असतो. आणि पश्चिमेची मंद लाली आपल्या पाठीमागून घराच्या तोंडावर पडते, त्यामुळे समोरची भिंत फार काळी नसते.

घर पूर्वाभिमुख असेल तर उलट. मागचं आकाश खाली केशरी आणि उजळ, घराचं तोंड निळसर अंधारात. दिवे याच घरावर सर्वांत उठून दिसतात. दक्षिणाभिमुख घराकडे बघताना मावळतीची लाली चित्रात डावीकडे येते, उत्तराभिमुख घराला उजवीकडे.

वेळ ठरवा: सूर्यास्तानंतर १५ ते २० मिनिटं. त्याआधी आकाश इतकं उजळ असतं की दिवे फिके वाटतात आणि त्यानंतर घराची कडाच आकाशात हरवते.

आता प्रत्यक्ष कृती. दिवसाच्या चित्राच्या घर-झाडं-रस्ता या भागावर एक थर घ्या, Multiply, रंग `#5A6A94`. पांढरी भिंत यानं मध्यम निळसर करडी होते. आकाश या थराच्या बाहेर ठेवा आणि वर सांगितलेल्या क्रमानं वेगळं रंगवा. मग एक गोष्ट हातानं करावी लागते, ती बहुतेकांची राहून जाते. सांजेचा उजेड वरून, अख्ख्या आकाशातून येतो. त्यामुळे छज्जाची वरची बाजू, पायऱ्यांचे माथे आणि कंपाउंडच्या भिंतीचा माथा थोडे उजळ हवेत; छज्जाखाली, बाल्कनीच्या आत आणि झाडांच्या बुंध्याशी आणखी गडद हवं. हे मऊ ब्रशनं हलक्या हातानं करा. हिरवा रंग या वेळी जवळजवळ विझतो, तेव्हा झाडं काळपट निळी दिसली तर घाबरू नका.

तपासणी: आत्ता चित्र लोडशेडिंगच्या संध्याकाळसारखं दिसलं पाहिजे. घर ओळखू येतंय, साय-पांढरा आणि विटकरी यातला फरक कळतोय, पण घरात एकही दिवा नाही. इथं चित्र पटत नसेल तर दिवे लावून ते सुधारणार नाही.

## ६. दिवे: पिवळा रंग फासायचा नाही

दिव्यासमोरची भिंत पिवळी नसते. ती स्वतःच्याच रंगाची असते, फक्त त्या रंगावर उबदार उजेड पडलेला असतो आणि तिचा खरखरीतपणा उलट जास्त दिसतो. म्हणून ब्रशनं पिवळा रंग ओढला की प्लास्टर झाकलं जातं आणि डाग पडल्यासारखं दिसतं.

चौथ्या पायरीला जतन केलेली दिवसाची प्रत सगळ्यात वर आणा. तिच्यावर `#FFC98A` रंगाचा Multiply थर टाकून दोन्ही एकत्र करा. अख्खं घर उबदार बदामी दिसेल. आता या थराला Transparency Mask, म्हणजे थराचा हवा तेवढाच भाग दाखवणारा मुखवटा, लावा आणि तो पूर्ण काळा भरा. उबदार घर नाहीसं होऊन खालची सांज परत दिसेल. यानंतर मुखवट्यावर मऊ पांढऱ्या ब्रशनं जिथं दिव्याचा उजेड पडतो तेवढंच उघडायचं. विटकरी पट्टा विटकरीच उजळतो, तगर हिरवीच उजळते. रंग निवडण्याचा प्रश्नच उरत नाही.

उजेडाचा आकार मात्र नीट समजून घ्यायला हवा. भिंतीवरचा, वर आणि खाली झोत टाकणारा अप-डाऊन दिवा घ्या. त्याचा झोत शंकूसारखा असतो आणि भिंत त्या शंकूला उभी कापते, त्यामुळे भिंतीवर कमानीसारखा आकार उमटतो. त्रिकोण नाही, गोलही नाही. दिवा भिंतीपासून ३ इंच पुढं असेल आणि झोत ३६ अंशांचा असेल तर उजेड दिव्याला चिकटून सुरू होत नाही, साधारण ९ इंचांवर भिंतीला टेकतो. दिव्यापासून ५ फुटांवर त्याची रुंदी सव्वातीन फुटांच्या आसपास होते. कमानीचा माथा सगळ्यात प्रखर आणि धारदार, मग पुढं पुढं विझत गेलेला. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, हे मनात ठेवून ब्रशचा जोर कमी करत न्या.

वर जाणारा झोत छज्जाला अडतो. छज्जाचा तळ लखलखीत होतो आणि त्याच्या वरच्या भिंतीवर त्या दिव्याचा थेंबभरही उजेड नसतो. छज्जा भेदून वर गेलेला उजेड मी इतक्या चित्रांत पाहिला आहे की आता आधी तिथंच नजर जाते. झाडाखालचा दिवा लावतानाही तसंच: बुंधा आणि पानांची खालची बाजू उजळते, शेंडा अंधारात राहतो.

खिडक्यांचं काम वेगळं. सगळ्या खिडक्या एकसारख्या पिवळ्या भरल्या की घर दिवाळीच्या आकाशकंदिलासारखं दिसतं. पाचपैकी दोन-तीन खिडक्यांतच दिवा दाखवा. त्यातही स्वयंपाकघराची पांढऱ्या ट्यूबची, थोडी थंड. रस्त्यावरून वरच्या मजल्याच्या खिडकीत बघितलं तर जमीन किंवा सोफा दिसत नाही, छत, पंखा आणि पडद्याचा वरचा भाग दिसतो, तेवढंच सुचवा. ग्रिल उजेडाच्या पुढं काळं राहिलं पाहिजे. दिवा नसलेल्या खिडकीच्या काचेत समोरच्या आकाशाचं प्रतिबिंब पडतं, म्हणजे आमच्या घरात मावळतीची ती मंद लाली. आजींचा सूर्य शेवटी तिथं सापडला.

सगळ्यात शेवटी एक Addition थर घेऊन दिव्याच्या काचेवर बारीक प्रखर ठिपका आणि भोवती अगदी छोटं वलय द्या. वलय मोठं झालं की धुकं पडल्यासारखं वाटतं. आणि कृपा करून रस्ता ओला दाखवून दिव्यांची चकचकीत प्रतिबिंबं काढू नका. वर्षातले आठ महिने तो रस्ता कोरडा असतो.

तपासणी: चित्र तात्पुरतं कृष्णधवल करून बघा. सर्वांत उजळ दिवे आणि खिडक्या, मग उजळलेली भिंत, मग आकाश, मग अंधारातली भिंत, मग झाडं, असा उतरता क्रम दिसायला हवा. अंधारातली भिंत आकाशाहून उजळ दिसत असेल तर पाचव्या पायरीचा थर आणखी गडद करा.

## ७. मालकाच्या हाती देताना

दिवसाचं आणि सांजेचं अशी दोन्ही चित्रं द्या. रंगाची छटा सांजेच्या चित्रावरून ठरवू देऊ नका. एका मालकानं माझ्या सांजेच्या चित्रातली भिंत बोटानं दाखवून दुकानातून तोच निळसर करडा आणला होता. मी दिलेला रंग पांढरा होता. छटा शेडकार्डावरून निवडायची आणि आधी भिंतीवरच दोन फूट बाय दोन फुटांचा तुकडा मारून, एकदा सकाळी आणि एकदा दिवे लावून बघायची.

दिवसाच्या चित्राची आणखी एक प्रत काढून तिच्यावर प्रत्येक दिव्याला क्रमांक द्या. शेजारी लिहा: कुठल्या जातीचा दिवा, जमिनीपासून किती उंचीवर, उजेडाची छटा किती केल्विन. बाहेरच्या भिंतीला मी ३००० केल्विन सुचवतो आणि उघड्यावरच्या दिव्याला आयपी-६५, म्हणजे धूळ-पाणी आत न जाऊ देणारी बनावट. हा कागद वायरमनला रंगकामाच्या आधी मिळाला पाहिजे, कारण पाईपसाठी भिंत फोडायची ती प्लास्टर-पुट्टीच्या आधी. सांगलीच्या घरात असे अकरा दिवे होते. मालकांनी यादी वाचली आणि पायऱ्यांतले चार दिवे खोडले. ते सगळे पुराच्या रेघेच्या खाली येत होते. मी मुखवट्यावर तेवढा भाग पुन्हा काळा केला आणि त्याऐवजी दाराच्या वर एक दिवा दिला. पायऱ्यांवर त्याचा उजेड पुरेसा पडतो.